रेघ कुठे संपते? पेशीच्या आकृतीतली अक्षरं वाचताना

ठाण्यातल्या पाचपाखाडीत आमच्या घरी संध्याकाळी आठवी-नववीची सहा-सात मुलं विज्ञानाला येतात. त्यातली आठवीतली एक मुलगी गेल्या आठवड्यात शाळेच्या सराव चाचणीचा पेपर घेऊन आली. त्यात वनस्पती पेशीची आकृती होती, आकृतीभोवती अ, ब, क, ड, इ, फ अशी सहा अक्षरं आणि प्रत्येक अक्षरापासून आत गेलेली एक रेघ. प्रश्न साधाच होता, दाखवलेल्या भागांची नावं लिहा. तिची सहापैकी दोनच उत्तरं बरोबर आली होती.

"ताई, मला सगळी नावं येतात हो," ती म्हणाली. मी पेपर उलटा ठेवला आणि तिला तोंडी विचारलं. पेशीभित्तिका, प्रद्रव्यपटल, केंद्रक, तंतुकणिका, हरितलवक, रिक्तिका, गॉल्गी संकुल, सगळं तिने कार्यासकट सांगितलं. एकही चूक नाही. म्हणजे धडा तिचा पक्का होता. मग पेपर पुन्हा सुलटा केला, तिच्या हातात पेन्सिल दिली आणि म्हटलं, "क पासून निघ आणि ही रेघ जाते तिथपर्यंत मला घेऊन चल."

पेन्सिल रेघेवरून आत आली, पेशीची भिंत ओलांडली, एका गडद लंबगोलावर आली आणि थांबली. "इथे. हरितलवक."

रेघ मात्र तिथे थांबत नव्हती. लंबगोलाच्या एका बाजूने आत शिरून ती दुसऱ्या बाजूने बाहेर पडत होती आणि पुढे मधल्या मोठ्या पांढऱ्या जागेत जाऊन संपत होती. उत्तर होतं रिक्तिका.

या प्रकारच्या प्रश्नांत गुण जातात ते बहुतेक याच ठिकाणी. रेघ आत जाताना वाटेत तीन-चार भाग ओलांडते, आणि डोळा त्यातल्या सर्वांत ठळक, सर्वांत ओळखीच्या भागावर थांबतो. नाव मात्र ज्याच्यावर रेघेचं टोक टेकतं त्याचंच लिहायचं असतं. वाटेत लागलेल्या भागांचा उत्तराशी काही संबंध नाही. आपण ठाणे स्टेशनला उतरायचं असेल तर वाटेत मुलुंड लागलं म्हणून मुलुंडला उतरत नाही, तसंच हे.

म्हणून मी मुलांना पहिली गोष्ट सांगते ती अशी की नाव सुचायच्या आधी टोक शोधा. अक्षरापाशी पेन्सिल ठेवायची, रेघ संपेपर्यंत न्यायची आणि संपली तिथे मोहरीएवढा हलका गोल करायचा. नाव अजून लिहायचं नाही. सगळ्या अक्षरांची टोकं अशी आधी शोधून घ्यायची. हे उगाच लांबवणं नाही. एकदा का "हे हरितलवक असणार" असं मनात आलं की डोळा रेघ पुढे जाते आहे हे पाहायचंच सोडून देतो. आधी टोक पकडलं तर ती घाई आपोआप अडते. सहा अक्षरांना जेमतेम एक मिनिट लागतं.

आता ती रेघ रेघच आहे, पेशीचा भाग नाही, हे कसं ओळखायचं? नाव दाखवणारी रेघ पट्टीने ओढलेली असते, त्यामुळे ती सरळ असते आणि शेवटपर्यंत एकाच जाडीची असते. पेशीतले भाग बहुतेक वळणदार असतात. वनस्पती पेशीची बाहेरची भिंत तेवढी सरळसोट असते, पण ती पेशीभोवती फिरून पुन्हा स्वतःला मिळते. सर्वांत जास्त गोंधळ होतो तो आंतर्द्रव्यजालिकेपाशी, कारण तिथे केंद्रकाभोवती चार-पाच समांतर रेषा फिरत असतात आणि आपली रेघ त्यांच्यात मिसळून गेल्यासारखी दिसते. तिथे एकच नियम पाळायचा, वळणाबरोबर वळायचं नाही. दोन रेघा एकमेकींना छेदत असतील तरी फुली जिथे होते तिथे सरळच पुढे जायचं. काही छापील आकृत्यांत रेघेला एक कोपरा दिलेला असतो, अक्षरापासून आडवी येऊन ती एकदाच तिरपी होते. तो कोपरा सहसा पेशीच्या बाहेर, कोऱ्या कागदावर असतो. पेशीच्या आत रेघ वळल्यासारखी वाटली तर बहुतेक वेळा आपणच एखाद्या पडद्याची रेषा धरून चाललेलो असतो.

त्या मुलीच्या पेपरात आणखी एक अडचण होती, आणि त्यात तिचा काही दोष नव्हता. पेपर झेरॉक्सचा होता, तोही झेरॉक्सवरून काढलेला. हरितलवकाच्या आतले चकत्यांचे ढीग आणि सभोवतालची ठिपक्यांची छटा मिळून तो सगळा लंबगोल जवळजवळ काळा झाला होता. बारीक रेघ त्या काळ्यात शिरली की दिसेनाशी होत होती. अशा वेळी पारदर्शक पट्टी कामाला येते. अक्षरापासून काळ्या भागापर्यंतचा जो तुकडा स्वच्छ दिसतो त्याला पट्टीची कड लावायची, पट्टी तशीच पुढे जाऊ द्यायची आणि काळ्या भागाच्या पलीकडे कडेला लागून एखादा तुकडा दिसतो का ते पाहायचं. दिसला तर रेघ पुढे जाते. नाही दिसला तर ती त्या काळ्या भागातच संपते. इथे पलीकडे साधारण अर्धा सेंटिमीटर तुकडा अगदी स्पष्ट होता, आणि तोही रिक्तिकेच्या आत. शाळेच्या आकृत्यांत रिक्तिकेच्या आत चित्रकार सहसा काहीच काढत नाही, ती कोरी सोडतो. त्यामुळे त्या कोऱ्या जागेत सरळ रेघेचा तुकडा दिसला की तो कुठल्यातरी अक्षराचाच, हे धरून चालायला हरकत नाही.

टोक सापडलं की दुसरा प्रश्न येतो. टोक एखाद्या रेषेवर टेकलंय की एखाद्या जागेत? हा फरक आठवीच्या मुलांना कुणी वेगळा सांगत नाही, आणि निम्म्या चुका इथेच होतात असा माझा अनुभव आहे. टोक रेषेवर असेल तर उत्तर बहुधा एखाद्या आवरणाचं असतं: प्रद्रव्यपटल, केंद्रकावरण, रिक्तिकेचा पडदा. टोक दोन रेषांच्या मधल्या जागेत असेल तर उत्तर त्या जागेत जे भरलेलं आहे त्याचं.

पेशीची बाहेरची कड घ्या. बहुतेक मुलं असं धरतात की वनस्पती पेशीला दोन रेषा असतात, बाहेरची पेशीभित्तिका आणि आतली प्रद्रव्यपटल. पण नीट काढलेल्या आकृतीत तिथे तीन रेषा दिसतात. पेशीभित्तिकेला जाडी असते, म्हणून ती पट्ट्यासारखी काढतात. बाहेरच्या दोन्ही रेषा भित्तिकेच्याच कडा असतात आणि तिसरी, सर्वांत आतली, प्रद्रव्यपटलाची. दोनच रेषा असल्या तर मधली पट्टी कशी रंगवली आहे ते पाहायचं. पट्टी गडद किंवा वेगळ्या छटेची असेल तर ती भित्तिका, आणि आतली रेषा भित्तिकेची आतली कड आणि प्रद्रव्यपटल दोन्हींचं काम करते. त्या मुलीच्या आकृतीत अ चं टोक पट्टीच्या मधोमध होतं आणि ब चं टोक थोडं पुढे जाऊन सर्वांत आतल्या रेषेवर. दोघांत मिलिमीटरभराचाच फरक होता. तिने पेशीभित्तिका आणि प्रद्रव्यपटल अशी उत्तरं लिहिली होती, ती बरोबर आली. पण मी विचारल्यावर म्हणाली, "अ वर आहे म्हणून आधी लिहिलं." म्हणजे ते गुण नशिबाने मिळाले होते, ब वर असता तर दोन्ही गेले असते.

प्राणी पेशीला भित्तिका नसते, म्हणून तिथे बाहेरची एकुलती एक रेषा प्रद्रव्यपटलाची. त्यामुळे आकृती कोणत्या पेशीची आहे हे आधी ठरवावं लागतं. कोनदार बाहेरची कड, मोठी मधली रिक्तिका आणि हरितलवकं दिसली की वनस्पती पेशी.

आकृतीऐवजी सूक्ष्मदर्शकातून काढलेला फोटो दिला असेल तर हा हिशेब बदलतो. कांद्याच्या पापुद्र्याचा फोटो घेतला तर कडेला जी रेषा दिसते ती पेशीभित्तिकाच. प्रद्रव्यपटल साधारण 7 ते 8 नॅनोमीटर जाड असतं आणि साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे 200 नॅनोमीटरपेक्षा जवळच्या दोन गोष्टी वेगळ्या दाखवता येत नाहीत. भित्तिकेला चिकटून बसलेला तो पडदा त्यात निराळा दिसणं शक्य नाही. पुस्तकातल्या आकृतीत तो जाड रेषेने काढतात तो आपल्याला समजावा म्हणून. तेव्हा कांद्याच्या फोटोत कडेवर अक्षर असेल तर बेलाशक पेशीभित्तिका लिहावं, आणि हरितलवक शोधत बसू नये, कांद्याच्या त्या पापुद्र्यात ती नसतात.

आता ड. हे अक्षर डावीकडून येत होतं आणि केंद्रकात शिरत होतं. तिने केंद्रक लिहिलं होतं. रेघ बाहेरच्या दुहेरी गोलावरून आत गेली होती, आतली फिकट जागा ओलांडली होती आणि एका गडद टिकलीवर थांबली होती. ती टिकली म्हणजे केंद्रकी. केंद्रकाच्या बाबतीत टोक चार ठिकाणी असू शकतं आणि चारही ठिकाणी उत्तर वेगळं येतं. बाहेरच्या गोलावर असेल तर केंद्रकावरण. त्या गोलात सोडलेल्या बारीक फटीवर असेल तर केंद्रकछिद्र. गडद टिकलीवर असेल तर केंद्रकी. आतल्या फिकट जागेत असेल तर थोडा विचार करावा लागतो. शाळेच्या आकृतीत केंद्रकाकडे एकच रेघ जात असेल आणि ती त्या फिकट जागेत थांबत असेल तर परीक्षकाला केंद्रक हेच उत्तर हवं असतं. पण केंद्रकाकडे दोन-तीन रेघा जात असतील तर त्याला आतले भाग सुटे विचारायचे आहेत, आणि मग फिकट जागेतल्या टोकाचं उत्तर केंद्रकद्रव्य, किंवा तिथे धागे काढलेले असतील तर रंगसूत्रांचं जाळं. म्हणजे एका रेघेचं उत्तर ठरवताना शेजारच्या रेघांकडेही पाहावं लागतं. पेशीच्या आकृतीत मला हे फार महत्त्वाचं वाटतं आणि मुलं ते जवळजवळ कधीच करत नाहीत. ती एकेक अक्षर सुटं सोडवतात.

इ मध्ये हेच झालं. इ ची रेघ डावीकडून येऊन केंद्रक आणि एक तंतुकणिका यांच्या मधल्या ठिपक्या-ठिपक्यांच्या जागेत संपत होती. तिथे काहीच नव्हतं. ती म्हणाली, "ताई, मला वाटलं छापताना रेघ थोडी कमी पडली असेल, म्हणून पुढे जे होतं ते लिहिलं." पुढे तंतुकणिका होती, तिने तंतुकणिका लिहिलं.

हे फार मुलं करतात आणि त्यामागे एक समज असतो. मुलांच्या मनात पेशी म्हणजे एक पिशवी आणि तिच्यात तरंगणाऱ्या वस्तू. वस्तू नाही तिथे "काही नाही". पण त्या मधल्या जागेत पेशीद्रव्य भरलेलं असतं आणि त्यालाही नाव आहे, त्याच्यावर प्रश्नही येतो. वस्तूंच्या मधल्या जागेत रेघ मुद्दाम संपवली असेल तर उत्तर पेशीद्रव्य. फक्त वनस्पती पेशीत एक काळजी घ्यायची. तिथे रिकाम्या दिसणाऱ्या जागा दोन असतात. मधली मोठी, कोरी, स्वतःची रेषा असलेली जागा ही रिक्तिका, आणि तिच्या नि बाहेरच्या कडेच्या मध्ये उरलेली, ठिपके टाकलेली, जिच्यात बाकी अंगकं बसलेली आहेत ती पेशीद्रव्याची. टोक रिक्तिकेच्या रेषेच्या आत आहे की बाहेर, एवढंच पाहायचं.

मग रेघ खरोखरच कमी पडली असेल तर? हातांनी काढलेल्या प्रश्नपत्रिकेत तसं होतंही. तिथे मी असं करते. रेघेच्या टोकापासून पुढच्या भागापर्यंतचं अंतर त्याच आकृतीतल्या बाकीच्या रेघांच्या टोकांशी ताडून पाहते. बाकी सगळ्या रेघा आपापल्या भागाला व्यवस्थित टेकत असतील आणि एकच मोकळ्या जागेत थांबत असेल तर ती मुद्दामच थांबवलेली आहे. सगळ्याच रेघा थोड्या थोड्या आधी थांबत असतील तर काढणाऱ्याची तशी सवय आहे, मग रेघ त्याच दिशेने वाढवून पहिला लागेल तो भाग घ्यायचा. तिच्या पेपरात बाकी पाच रेघा अचूक टेकत होत्या. म्हणून इ म्हणजे पेशीद्रव्य.

इ चुकलं आणि त्यामुळे फ पण चुकलं, ते कसं ते पाहण्यासारखं आहे. फ पासून एकच रेघ निघत होती, पण वाटेत ती दोन फाट्यांत विभागली होती. दोन्ही फाटे दोन वेगवेगळ्या लंबगोलांवर टेकत होते. तिने एक फाटा पाहिला, तो तंतुकणिकेवर आहे हे तिला कळलंही. पण तंतुकणिका तर इ ला लिहून झाली होती. आता दुसरं काहीतरी हवं म्हणून तिने गॉल्गी संकुल लिहिलं. म्हणजे बरोबर ओळखलेलं उत्तर तिने आधीच्या चुकीमुळे सोडून दिलं.

फाटा असलेली रेघ खरं तर सर्वांत सोपी असते, कारण ती उत्तर दोनदा सांगते. आकृती काढणारा म्हणत असतो की ही दोन्ही एकाच नावाची आहेत. त्यामुळे दोन्ही टोकं पाहायची आणि दोन्हींना चालेल असंच नाव घ्यायचं. एक लंबगोल झेरॉक्समध्ये काळा झाला असेल तर दुसऱ्यावरून ओळख पटते. इथे दुसऱ्या लंबगोलाच्या आत नागमोडी घड्या अगदी स्वच्छ होत्या, आतल्या पडद्यापासूनच निघालेल्या. घड्या दिसल्या की तंतुकणिका. हरितलवकही दोन पडद्यांचा लंबगोलच असतो, पण त्याच्या आत नाण्यांच्या चळती रचल्यासारखे चकत्यांचे ढीग असतात. आकारावर या दोघांत फरक करायला जाऊ नये, पुस्तकागणिक आकार बदलतात. प्रत्यक्षात हरितलवक साधारण 5 ते 10 मायक्रोमीटर लांब आणि तंतुकणिका बरीच बारीक, जेमतेम अर्धा ते एक मायक्रोमीटर रुंद असते, पण आकृतीत दोघांना सारख्याच मापाने काढलेलं मी पाहिलं आहे. आत काय आहे त्यावरच जायचं.

आणि एका आकृतीत साधारणपणे एक नाव दोन अक्षरांना येत नाही. दोन अक्षरांची उत्तरं एकच येत असतील तर दोघांपैकी एक चुकलं आहे. अशा वेळी दुसऱ्याला काहीतरी नवं नाव चिकटवण्याऐवजी दोन्ही रेघांच्या टोकांकडे परत जायचं. ती फ पाशी थांबून इ कडे परत गेली असती, तर तिला एकच जास्त गुण न मिळता दोन मिळाले असते.

काही आकृत्यांत रेघेच्या टोकाला महिरपी कंस असतो, त्याबद्दल एवढंच सांगते की रेघ एका चकतीवर टेकते आणि कंस संपूर्ण चळतीला कवेत घेतो. हरितलवकाच्या मोठ्या आकृतीत रेघ एका चकतीवर असेल तर थायलॅकॉइड आणि कंस अख्ख्या चळतीला असेल तर ग्रॅनम. गॉल्गी संकुलालाही कधीकधी कंस देतात, कारण एकटी पिशवी म्हणजे गॉल्गी संकुल नव्हे.

सगळी टोकं शोधून झाली की मी एक पडताळा करायला लावते. चांगल्या आकृतीत एका बाजूच्या रेघा एकमेकींना ओलांडत नाहीत. तसा दंडकच आहे, आपण प्रयोगवहीत आकृती काढतो तेव्हाही नावाच्या रेघा एकमेकींना छेदू नयेत असं शाळेत सांगतात. त्यामुळे उजव्या बाजूला वरून खाली अ, ब, क असतील आणि रेघा साधारण आडव्या असतील तर त्यांची टोकंही वरून खाली त्याच क्रमाने यायला हवीत. आपण केलेले गोल उलटसुलट आले तर कुठेतरी आपण एका रेघेवरून दुसऱ्या रेघेवर घसरलो आहोत. कोपरा दिलेल्या किंवा फारच तिरप्या रेघांना हा पडताळा लागू पडत नाही, तिथे प्रत्येक रेघ दोनदा चालून पाहणं हाच उपाय. एकदा अक्षरापासून टोकाकडे आणि एकदा टोकापासून अक्षराकडे. उलटं येताना आपण दुसऱ्याच अक्षरापाशी पोचलो तर फुलीपाशी चूक झालेली असते.

हे सगळं झाल्यावर तिने तोच पेपर पुन्हा सोडवला आणि सहाही बरोबर आली. मग मी तिला एक अवघड आकृती दिली, कारण तिला आता टोक पकडता येत होतं आणि पुढचा प्रश्न टोकापाशी काय असतं याचा होता.

ही आकृती रससंकोचाची. पेशी संहत मिठाच्या द्रावणात ठेवली की तिच्यातलं पाणी बाहेर जातं, आतला ऐवज आक्रसतो आणि प्रद्रव्यपटल भित्तिकेपासून सुटून आत ओढलं जातं. आकृतीत बाहेर भित्तिकेचा षटकोन तसाच ताठ असतो आणि आत एक आक्रसलेला गोळा. चार अक्षरं होती. अ षटकोनाच्या पट्टीवर, ब गोळ्याच्या कडेवर, ड गोळ्याच्या मध्यभागी, आणि क ची रेघ भित्तिका ओलांडून, गोळ्यापर्यंत न पोचता, मधल्या मोकळ्या जागेत संपत होती.

अ पेशीभित्तिका आणि ब प्रद्रव्यपटल हे तिने लगेच सांगितलं. आता ते दोन भाग एकमेकांपासून इतके लांब होते की घोटाळ्याला जागाच नव्हती. ड रिक्तिका. क पाशी ती थांबली. टोक मोकळ्या जागेत आहे, रेघ मुद्दाम थांबवलेली आहे, म्हणून म्हणाली, "पेशीद्रव्य." मघाचा नियम तिने नीट लावला होता, पण उत्तर चुकलं. पेशीद्रव्य प्रद्रव्यपटलाच्या आत असतं, आणि क चं टोक त्या पटलाच्या बाहेर आहे. मी तसं म्हटल्यावर ती म्हणाली, "मग हवा?" हेही उत्तर मुलं लिहितात, "रिकामी जागा" असंही लिहितात.

हे सांगून पटवण्यापेक्षा दाखवावं म्हणून मी खाली गेले आणि सोसायटीच्या कुंपणाशी लावलेल्या ऱ्होइओचं एक पान तोडून आणलं. वरून हिरवं आणि खालून जांभळं असं ते पान ठाण्यात किती सोसायट्यांच्या कडेला लावलेलं दिसतं. पान मधोमध मोडून ओढलं की खालच्या बाजूचा जांभळा पातळ पापुद्रा सुटून येतो. तो काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवून माझ्या साध्या सूक्ष्मदर्शकात दाखवला. जांभळ्या फरशा बसवल्यासारख्या पेशी, प्रत्येक फरशी कडेपर्यंत भरलेली. तो जांभळा रंग रिक्तिकेतल्या रसात विरघळलेला असतो, त्यामुळे रिक्तिका कुठे आहे हे वेगळं शोधावं लागत नाही.

मग अर्ध्या वाटी पाण्यात अर्धा चमचा मीठ विरघळवून त्याचे दोन थेंब पापुद्र्याच्या एका बाजूला सोडले आणि दुसऱ्या बाजूने टिपकागदाने पाणी टिपलं. काही मिनिटांतच जांभळा रंग फरशीच्या कोपऱ्यांतून मागे सरायला लागला. पांढुरके कोपरे रुंद झाले, मधे जांभळा गोळा उरला आणि भित्तिकेची जाळी होती तशीच राहिली.

"हा पांढरा कोपरा म्हणजे तुझा क," मी म्हटलं. "आता सांग, मी थेंब कुठे टाकला?"

"बाहेर."

"आणि भित्तिका काय अडवते?"

तिने धड्यातलं वाक्य आठवलं. पेशीभित्तिकेतून पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार आरपार जातात, निवड करतं ते प्रद्रव्यपटल. मग तिचं तिनेच जोडलं, की मिठाचं पाणी भित्तिकेतून आत शिरतं आणि प्रद्रव्यपटलाशी येऊन अडतं, म्हणून त्या कोपऱ्यात मिठाचं पाणीच असणार. क चं उत्तर तेच, पेशीच्या बाहेरचं संहत द्रावण. तिने वहीत क पुढे ते लिहिलं आणि खाली कंसात "पटलाच्या बाहेर" असं स्वतःसाठी टिपून ठेवलं.

जाता जाता तिने विचारलं की साधं पाणी टाकलं तर काय होईल. आम्ही मीठ टिपून घेऊन साध्या पाण्याचे थेंब सोडले. जांभळा रंग हळूहळू कोपऱ्यांकडे पसरत गेला आणि थोड्या वेळाने बहुतेक फरशा पुन्हा कडेपर्यंत भरल्या. काही पेशी मात्र तशाच आक्रसलेल्या राहिल्या. भरलेल्या पेशींत आता क ची रेघ जिथे टेकेल अशी जागा उरली नव्हती. तिने आक्रसलेल्यांपैकी एक निवडली आणि पेन्सिलीने वहीत तिची आकृती काढायला घेतली.